मारबतीचं इंग्रजी

माझा इंग्रजी टाइपरायटर एवढा जुना होता की गोरा साहेब जाताना तो सोबत नेणार होता, पण उचलायला सहा हमाल कमी पडले म्हणून सौंसरातच टाकून गेला. असं मी सांगायचो आणि अर्ज टाइप करून घ्यायला आलेले लोक मानही डोलवायचे. तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडात माझं टेबल. सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून हिंदीचं यंत्र सगळ्यांकडे होतं, इंग्रजीचं एकट्या माझ्याकडे. माझी इंग्रजी म्हणाल तर वरच्या ‘सविनय’पासून खालच्या ‘आज्ञाधारक’पर्यंत चांगली होती. मधलं जे असेल ते अर्जदाराचं नशीब.

ही गोष्ट चौऱ्याऐंशीची. श्रावण चालू होता. आमच्या गावचा शालिकराम माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. आमचं गाव बोरगावच्या पलीकडं, दीडशे घरांचं. शालिकराम लोधीखेड्याच्या एका शाळेत बाबू होता आणि नागपूरच्या एका मराठी पेपरात दर रविवारी ‘शिवेवरून’ नावाचा लेख लिहायचा. सगळा तालुका ते वाचायचा. लेखाखाली नाव बघून काही जणांना चहाचा पहिला घोट कडू लागायचा, तरी वाचायचे.

“पुंडलिकराव, हे इंग्रजीत करायचं हाय,” तो म्हणाला आणि कात्रण टेबलावर ठेवलं.

कात्रण मी आधीच वाचलं होतं. मारबतीवर होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडं मारबत निघते. बांबूच्या सांगाड्यावर चिंध्या गुंडाळून केलेली मोठी बाई. तिच्यासोबत घराघरातून टोपली निघते, वर्षभराची घाण घेऊन. ‘खोकला, खरूज, ढेकूण घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत सगळं गाव तिला शिवेवर नेऊन टाकतं. शालिकरामनं लिहिलं होतं:

‘तुम्ही म्हणता घेऊन जा, आणि ती घेऊनच जाते. कुठं जाते ते तुम्ही कधी विचारलं नाही. ती आम्हा उगवतीकडच्यांच्या विहिरीत येते. आम्हाला ती पुढं पाठवता येत नाही, कारण आमच्या पुढं गाव नाही.’

मराठीत हा लेख छापून आला तेव्हा गावात काय झालं? काहीच नाही. सरपंच भाऊरावांनी पानठेल्यावर उभं राहून तो मोठ्यानं वाचला, सुपारी थुंकली आणि म्हणाले, “पोरगं लिहिते बाकी.” बस. एवढं कौतुक झालं की विहिरीचा विषयच निघाला नाही.

“तारीफ करून राहिले सगळे,” शालिकराम म्हणाला. “मले तारीफ काय करायची हाय? पोळा दोन हप्त्यांवर आला. मागच्या साली विहीर उपसली तवा माह्या शांतावहिनीचे हात दोन महिने सोलून निघाले. वस्तीतली पाच लेकरं काविळीनं पडली. औंदा ते विहिरीत पडू द्यायचं नाही.”

“मंग इंग्रजी कायले?”

त्याचं उत्तर तयार होतं. सौंसरच्या तहसील कचेरीत नवे साहेब आले होते, थेट दक्षिणेतले. मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं, हिंदीत ते फक्त ‘बैठिए’ आणि ‘देखेंगे’ म्हणायचे. पण नागपूरचा इंग्रजी पेपर ते पहिल्या पानापासून लग्नाच्या जाहिरातींपर्यंत वाचायचे. त्या पेपरात रविवारी एक जागा असे, देशी भाषांतले लेख इंग्रजीत करून छापायची. शालिकरामनं संपादकाला विचारलं होतं. संपादकाचं पत्र त्यानं मला दाखवलं. सातशे शब्द. कंस नको, तळटिपा तर बिलकुल नको. वाचणारा चहा पीत वाचतो, त्याला दर ओळीला पानाच्या तळाशी उतरवू नका. जे समजावायचं ते वाक्याच्या चालीतच समजलं पाहिजे.

शालिकरामनं डिक्शनरी घेऊन स्वतः एक मसुदा केला होता. तो मी पाहिला आणि मला हसूच आलं. पहिल्याच पानावर वर लेख होता आठ ओळींचा आणि खाली तेवीस टिपा. पोळा म्हणजे काय, तोरण म्हणजे काय, पळस म्हणजे काय, पळसाला पानं किती. एका टिपेला आणखी एक टीप होती. वाळवी भिंतीवर चढते तशा त्या टिपा खालून वर चढत चालल्या होत्या.

“हे अदालतीत चालते,” मी म्हटलं. “पेपरात नाही. चल, पांढुर्ण्याले जाऊ. रघुनाथराव सरांकडं.”

रघुनाथराव हे पांढुर्ण्याचे रिटायर इंग्रजीचे मास्तर. त्यांच्या इंग्रजीबद्दल मी सांगत असे की त्यांनी एकदा लंडनच्या राणीला पत्र लिहिलं आणि राणीनं त्यातल्या एका शब्दासाठी डिक्शनरी मागवली. खरं एवढंच, की माणूस हुशार होता. बाहेर संत्र्याच्या पेट्या रचलेल्या, आत ओसरीवर सर आरामखुर्चीत. शालिकरामला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, “वा, लेखक महाशय” म्हणाले. त्या दिवशी त्यांच्यात मला काही खोट दिसली नाही.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि तेवीस टिपा तीन मिनिटांत उडवल्या.

“पहिलं, पळस काढ. तोरणही काढ. तुझ्या लेखाचं त्यांच्यावाचून अडत नाही. पाहुण्याला घरातलं प्रत्येक भांडं दाखवायचं नसतं.”

“बरं.”

“दुसरं, पोळा. टीप कशाला? ‘पोळा, बैल नांगराला न जुंपण्याचा वर्षातला एक दिवस, संपला की दुसऱ्या सकाळी…’ असं चालत जा. स्वल्पविरामात समजावून मोकळा हो. तिसरं, मारबत. हा शब्द ठेवायचा, बदलायचा नाही. पण पहिल्यांदा आला की तिला काहीतरी करताना दाखव. चौघांच्या खांद्यावर चिंध्यांची बाई चाललीये, मागे पोरं ओरडतायत. दुसऱ्यांदा नुसतं मारबत लिहिलं तरी मद्रासचा माणूससुद्धा ओळखतो.”

शालिकराम पुढं सरकून बसला. मीही. खोटं कशाला बोलू, ती अर्धी घटका मला फार आवडली. आरोळीचं तर सरांनी असं इंग्रजी केलं की ते वाचताना पायानं ठेका धरावा.

मग ‘उगवतीकडचे’ हा शब्द आला.

सरांची पेन्सिल थोडी थांबली आणि मग सरसर चालली. त्यांनी वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: ‘गावाच्या पूर्वेला, जिथं पहिलं ऊन पडतं, त्या मोकळ्या जागेत मारबतीला निरोप दिला जातो.’

“सर,” शालिकराम म्हणाला, “मोकळी जागा नाही. आमची घरं हायेत तिथं. आणि विहीर कुठं गेली?”

“अरे, विहिरीनं वाचणारा गोंधळतो. कोणाची विहीर, का तिथंच, कोण ते लोक… पुन्हा तेवीस टिपा.”

“मराठीत एका शब्दात समजते.”

“मराठीत समजतंच म्हणून तर तू लिहिलं नाहीस ना! ‘उगवतीकडचे’ म्हणालास आणि मोकळा झालास. इंग्रजीत ते उघडं लिहावं लागेल.” सरांचा आवाज एकदम मायेचा झाला. “कशाला लिहितोस? परक्यासमोर आपल्या गावाची अब्रू असते. शिवाय प्रथा आरोग्याचीच आहे. घरं स्वच्छ होतात.” आणि तेही त्यांनी लिहून टाकलं: प्राचीन काळापासून चालत आलेली स्वच्छतेची मनोहर रीत.

मनोहर! मला आमच्या घरची टोपली आठवली. देवकाबाई, म्हणजे आमची घरची, त्यात काय काय भरायची. झिजलेली केरसुणी, फणीतले केस, माझ्या बापाच्या खोकल्याची फडकी, आणि दुसरं काय काय, जे जेवताना आठवू नये.

शालिकराम शांतपणे म्हणाला, “सर, मले उघडं लिहायचं हाय.”

“मग तूच लिही,” सर म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. पण कागद परत दिले, आणि निघताना दोन संत्रीही दिली.

सौंसरला परत आल्यावर आम्ही माझ्या टेबलाशी बसलो. सरांची चाल तशीच ठेवली, फक्त तेवढा तुकडा काढला. उघडं लिहायचं म्हणजे किती, हे मोजायला दोन तास गेले. जातीचा इतिहास लिहिला तर सातशे शब्द त्यातच संपतात. शेवटी शालिकराम मराठीत बोलला, मी इंग्रजीत बडवलं, आणि जे झालं ते असं:

‘आम्ही गावाच्या पूर्वेला राहतो, कारण आमच्याकडं वारा पश्चिमेकडून येतो आणि आमच्या घरांवरून गेलेली हवा गावात जाऊ नये असं आमच्या पूर्वजांना पूर्वेला बसवणाऱ्यांनी ठरवलं होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. वारा मात्र तोच आहे, आणि मारबतही तिकडंच येते.’

चार वाक्यं. तळटीप एकही नाही.

“आता टोपलीत काय असते ते टाका,” तो म्हणाला. “संपादक म्हणते, दिसलं पाहिजे. मले फक्त पाण्यात भिजलेलं ठाऊक हाय. भरताना काय भरता, ते तुम्ही सांगा.”

“मी?”

“मंग कोण? तुमच्याच घरून येते ना.”

मी सांगितलं. केरसुणी, केस, फडकी. त्यानं शेवटचं वाक्य केलं: ‘हे टाइप करणाऱ्याच्या घरची टोपलीही त्यात असते.’ मी तेही टाइप केलं. शालिकराम खूश होऊन लोधीखेड्याची बस धरायला गेला. पाकीट मी टपालात टाकणार होतो.

आता इथं मी एखादी बकरी आणू शकतो. बकरीनं कागद खाल्ला, वाऱ्यानं पानं उडाली. तशा गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या, शालिकरामलाही सांगितल्या. पण झालं ते असं, की माझ्यापुढं दोन कागद होते. एक सरांचा, एक आमचा. आमच्यात माझं घर होतं. संध्याकाळी मला गावात जायचं होतं, भाऊराव माझा चुलतभाऊ होता, पोळ्याला त्याच्या बैलांमागून माझे बैल निघायचे. मी सरांचा कागद सुबक टाइप केला, शालिकरामचं नाव घातलं आणि पाकिटात भरला. नेहमीच्या अर्जासारखा झाला.

रविवारी तो छापून आला. सोमवारी शालिकराम कचेरीसमोर आला. ओरडला नाही. माझ्यासमोर उभं राहून त्यानं एकच ओळ वाचली, पहिल्या उन्हाची आणि मोकळ्या जागेची.

“पेपरवाल्यायनं बदललं असेल,” मी म्हटलं. “नागपूरचे लोक, त्यायले काय समजते.”

“पेपरवाल्याले सरांचे शब्द कसे सापडले?”

“मोठ्या लोकायचं डोकं एकाच जागी चालते बावा.”

त्यानं पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “माह्या नावानं लिहिलं तुमी. आमच्या विहिरीले मोकळी जागा मीच म्हटलं, असं झालं.” आणि गेला. माझ्या तोंडाला त्या दिवशी जी चव आली ती गुळाच्या चहानंही गेली नाही.

लेख साहेबांनी वाचला होता, आणि त्यांना फार आवडला होता. बुधवारी चपरासी मला बोलवायला आला. साहेब हसतमुख. मारबत बघायला मॅडमना घेऊन येतो म्हणाले, फोटो काढायचे आहेत, इंग्रजी यंत्र एकट्या तुमच्याकडं म्हणजे भाषांतर तुम्हीच टाइप केलं ना, तर समजावून सांगायला सोबत राहा. भाऊरावांना हे कळलं आणि त्यांनी मारबत दुप्पट उंचीची करवली. बँडवाले बोलावले. वर्षानुवर्षं जी घाण नुसत्या आरोळ्यांवर टाकली जायची, तिला औंदा बँड लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव रस्त्यावर. आठ जणांच्या खांद्यावर मारबत. तिच्या पोटात या खेपेला जास्त माल मावत होता म्हणून लोकांनी हात सैल सोडला होता. गोठ्यातलं काय, मोरीतलं काय. वास असा की बँडवाल्याची पिपाणी दोनदा बंद पडली. मॅडमनी नाकाला रुमाल लावला तरी फोटो काढत होत्या. साहेब मला विचारत होते, “हे काय? ते काय?” मी इंग्रजीत सांगत होतो. रीत. परंपरा. स्वच्छता. माझ्या तोंडून सर बोलत होते.

पुढं गेलेल्या पोरांनी लहान टोपल्या आधीच विहिरीत रिकाम्या केल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर केस तरंगत होते. विहिरीच्या काठावर शांताबाई उभी होती, शालिकरामची वहिनी. शेजारी तिचा नवरा हिरामण, आणि मागं शालिकराम. वस्तीची दारं लागलेली.

साहेब थांबले. इकडं तिकडं पाहिलं.

“मोकळी जागा कुठं आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी भाऊरावांकडं पाहिलं.

“ही तर घरं आहेत. इथं कोण राहतं?”

आठ जण मारबत खांद्यावर घेऊन उभे. बँड थांबलेला. भाऊरावांनी माझ्याकडं डोळे वटारले आणि मराठीत म्हणाले, “सांग ना पुंडल्या, पूर्वापारची टाकायची जागा हाय म्हण. लवकर टाकू द्या, खांदे भरून आले पोरायचे.”

माझी इंग्रजी मधल्या जागेत कधीच चांगली नव्हती. पण तो कागद मी टाइप केला होता ना, बोटांना पाठ होता. मी तो बोललो. हे लोक पूर्वेला राहतात कारण वारा. हे छप्पन सालापासून बौद्ध आहेत. ही त्यांची पिण्याची विहीर. त्यात तरंगतंय ते माझ्या घरचं. पेपरात जे आलं ते या शालिकरामनं लिहिलेलं नाही, मी बदललं.

साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं. मॅडमनी कॅमेऱ्याला झाकण घातलं आणि गाडीकडं चालू लागल्या. साहेब बराच वेळ वाकलेले होते. मग त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत भाऊरावांना सांगितलं, “इधर नहीं डालना. कभी नहीं.”

“मंग कुठं टाकायची साहेब?”

“तुम्हारा है. तुम देखो.”

गाडी गेली. मारबत खांद्यावरच. आठही जणांच्या कपाळावरून घाम आणि वरून आणखी काहीतरी गळत होतं. भाऊराव माझ्याकडं बघून थुंकले. “वावर तुहंच हाय ना मावळतीले? ने तिथं.” त्यांनी ती माझ्या संत्र्याच्या बागेच्या बांधावर नेऊन जाळली. चार दिवस तो धूर पश्चिमेच्या वाऱ्यानं गावातून फिरत होता आणि ज्यानं त्यानं मला शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी पोळ्याला माझे बैल सगळ्यात मागं होते.

पण ते नंतरचं. त्या सकाळी गाव पांगल्यावर मी विहिरीशीच उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, “शालिकराम, त्या पेपरवाल्याले मी चिठ्ठी लिहितो. चूक माही म्हणून.”

“चिठ्ठी संपादकाले पाठवली मी,” शालिकराम म्हणाला. “तो म्हणते, पहिल्या लेखात टोपलीचं काही दिसत नाही. पुन्हा लिहून पाठवा, नीट पाहून.”

लुगडं खोचून विहिरीत उतरायला निघालेल्या शांताबाईच्या हातातला दोर हिरामणनं घेतला. “तू राह्य औंदा,” तो तिला म्हणाला आणि दोराचा फास माझ्यापुढं केला. एवढंच. कोणी जबरदस्ती केली नाही. मी धोतर खोचलं, फास काखेत घेतला आणि उतरलो. हिरामण आणि आणखी दोघं वर दोर धरून होते.

खाली पाणी छातीपर्यंत आणि कोमट. ते कोमट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वरून शालिकरामचा आवाज आला. तो काठावर वही मांडीवर घेऊन बसला होता.

“बोला.”

“केरसुण्या. सात… आठ.”

“कशा?”

“ओल्या. शेणानं माखलेल्या.”

“पुढं.”

“केस. लुगड्याची चिंधी. तिच्यावर…” मी ती उलटून पाहिली. “रक्त हाय बावा.”

“लिहिलं. पुढं.”

बादली वर गेली, रिकामी खाली आली. मी एक एक हातात घेऊन सांगत गेलो, तो वरून लिहीत गेला. बाळाचा लंगोट. उंदीर. औषधाच्या बाटल्या. एक खाकरून भरलेलं फडकं, ज्याची किनार मला ओळखीची होती. मग हाताला काहीतरी मऊ लागलं, बोटांतून निसटलं, पुन्हा पोटाशी येऊन चिकटलं. मी ओकलो, त्याच पाण्यात.

“काय हाय ते?” वरून विचारलं.

“नाही सांगता येत.”

“पुंडलिकराव, इंग्रजीत काय लिहू मग? नीट पाहून सांगा.”

मी ते पुन्हा हातात घेतलं.